कोणती मैत्रीण कोणत्या खोलीत?

आज आम्ही प्रभागसंघाच्या पाचजणी तुमच्याशी बोलतोय. विषय आहे फोनवरच्या कार्यशाळेचा.

आता बऱ्याच ठिकाणी झूमवर कार्यशाळा होतात. लिंक येते, आपण दाबतो आणि घरबसल्या तीस-चाळीस बाया एकत्र येतात. पण तीस-चाळीस बाया एका वेळी बोलू शकत नाहीत. म्हणून मध्येच सगळ्यांना छोट्या छोट्या खोल्यांमध्ये पाठवतात. खरी खोली नव्हे, फोनमधलीच. सहा-सातजणी एका खोलीत, त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू येतं. वेळ संपली की सगळ्या परत मोठ्या बैठकीत. झूममध्ये याला Breakout Rooms म्हणतात. आज आपण त्यांना नुसतं खोल्या म्हणू, कारण गट म्हटलं की आपल्याला बचत गटच आठवतो.

तर कोणाला कोणत्या खोलीत बसवायचं, एवढंच आज सांगायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं.

पहिल्या कार्यशाळेत आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. झूममध्ये Assign automatically असं एक बटण असतं. ते दाबलं की फोन सारख्या संख्येने आपोआप वाटले जातात. खोल्या अगदी बरोबरीच्या झाल्या. आम्ही खूश. पण शेळीपालनाचं विचारायला आलेली बाई पापडवाल्या बायकांमध्ये जाऊन बसली. एका खोलीत सहापैकी पाचजणी एकाच गावच्या, मग सहावी कशाला बोलते? आणि एक मैत्रीण अर्धा तास नुसती बसून राहिली. माइक बंद, चेहराही बंद. आम्हाला वाटलं, रेंज नसेल. चार दिवसांनी तिने आमच्यातल्या एकीला फोन केला. म्हणाली, "ताई, मला थकलेल्या हप्त्यांचं विचारायचं होतं. पण आमच्या गटाची हिशोब बघणारी बाई त्याच खोलीत होती. कशी विचारू?"

मशीनने माणसं मोजली होती, पण कोणाला काय विचारायचंय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम नोंदणीच्या वेळचं. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही सुरुवात नोंदणीपासून केली.

आधी आम्ही नोंदणीत नाव, गाव आणि फोन नंबर एवढंच घ्यायचो. आता सात गोष्टी विचारतो. ज्यांना जमतं त्या गुगल फॉर्म भरतात. बाकीच्यांना आमच्या सीआरपी ताई फोन करून विचारतात आणि वहीत लिहितात. पहिलं, नाव, गाव आणि बचत गट. दुसरं, कोणत्या फोनवरून येणार आणि त्या फोनवर सोबत आणखी कोण बसणार. तिसरं, पहिली पसंती कोणत्या विषयाला. चौथं, त्या खोलीत जागा नसेल तर दुसरी पसंती कोणती. यात "काहीही चालेल" असंही सांगता येतं. पाचवं, तुम्हाला नेमकं काय विचारायचंय ते एका वाक्यात. सहावं, हे काम तुम्ही आत्ता करता, की करायचा विचार आहे. आणि सातवं, खोलीत कोणी असेल तर तुम्हाला मोकळं बोलता येणार नाही, असं कोणी आहे का.

हा सातवा प्रश्न फॉर्ममध्ये नसतो. आमच्यातली एकच ताई तो तोंडी विचारते. ती फक्त नाव विचारते, कारण विचारत नाही. ते नाव तिच्याकडेच राहतं आणि कार्यशाळा झाली की तो कागद ती फाडून टाकते. हा प्रश्न किती कामाचा ठरला ते पुढे येईलच.

आता आमच्या दुसऱ्या कार्यशाळेचा हिशोब सांगतो, म्हणजे सगळं समजेल. हातात वही असेल तर आकडे लिहून घ्या.

विषय चार होते. शेळीपालन, पापड-मसाले, परसबाग, आणि चौथा हिशोब व बँक कर्ज. नोंदणी झाली ३८ बायकांची. पण फोन होते ३१. कारण चोवीसजणी एकेकट्या येणार होत्या आणि सात फोनांवर दोघी-दोघी. सासू-सून, जावा-जावा, शेजारणी.

इथे पहिली अडचण कळली. झूमला बाई दिसत नाही, फोन दिसतो. एका फोनवरच्या दोघींना दोन खोल्यांत पाठवता येत नाही. म्हणून खोल्या भरताना फोन मोजायचे. पण बोलणार आहेत बाया, म्हणून वेळ मोजताना तोंडं मोजायची. हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे.

वेळेचं गणित असं. खोलीसाठी आम्ही ३० मिनिटं ठेवली. आत येऊन, माइक सुरू करून, नावं सांगेपर्यंत पाच मिनिटं जातातच. उरली २५. खोलीत सातजणी असतील तर एकीच्या वाट्याला साडेतीन मिनिटं येतात. दहाजणी झाल्या तर अडीच मिनिटं. अडीच मिनिटांत प्रश्नही सांगायचा आणि उत्तरही घ्यायचं म्हणजे घाईच. म्हणून ठरवलं की एका खोलीत सातपेक्षा जास्त फोन नकोत, आणि दोघींचे फोन दोनपेक्षा जास्त नकोत. कमीत कमी पाच फोन तरी हवेत. कारण काहीजणी येत नाहीत, आणि तीनच जणी उरल्या तर गप्पा लवकर आटपतात.

खोल्या किती करायच्या? विषय चार म्हणून चार खोल्या, असं नाही. प्रत्येक खोलीत बोलणं पुढे नेणारी एक ताई लागते. आमच्याकडे अशा पाचजणी होत्या. दोन पशुसखी, एक बँक सखी, एक परसबागेचं काम करणारी कृषी सखी आणि एक मसाल्याचा धंदा करणारी. म्हणून खोल्या पाच. ३१ फोन, पाच खोल्या, म्हणजे सरासरी सहाला थोडे जास्त. पाच ते सातच्या आत सगळं बसायला हवं होतं.

मग आम्ही संगणक बाजूला ठेवला आणि सतरंजीवर बसलो. एका फोनाची एक चिठ्ठी, अशा ३१ चिठ्ठ्या कापल्या. चिठ्ठीवर नाव, गाव, पहिली पसंती, दुसरी पसंती आणि तिचा प्रश्न. ज्या फोनवर दोघी असतील त्या चिठ्ठीला कपाळाची एक टिकली चिकटवली. लांबून बघितलं तरी कळतं. समोर प्रत्येक विषयाचं एकेक ताट मांडलं आणि पहिल्या पसंतीने चिठ्ठ्या टाकल्या.

शेळीपालनाच्या ताटात १५ पडल्या. पापड-मसाल्यात ८. परसबागेत ३. हिशोब आणि कर्जात फक्त २. आणि "काहीही चालेल" म्हणणाऱ्या ३ बाजूला राहिल्या.

आता अशा वेळी पहिला विचार काय येतो? दोघींसाठी कशाला खोली करायची? त्यांना शेळीच्या खोलीत घाला आणि मोकळ्या व्हा. आमच्यातही एक असंच म्हणाली. मग आम्ही त्या दोन चिठ्ठ्यांवरचे प्रश्न वाचले. एकीने लिहिलं होतं, गटाचा हप्ता थकलाय, बँकेत जाऊन काय बोलायचं? दुसरीला गटाचं पासबुक आणि वही जुळत नव्हती. शेळीच्या खोलीत या दोघींना उत्तर मिळालंच नसतं. गर्दीच्या विषयाचं काहीतरी इकडून-तिकडूनही कानावर पडतं. कमी जणींनी निवडलेला विषय मात्र बहुतेक वेळा ज्याचं त्यालाच टोचत असतो. म्हणून आमचा नियम झाला की छोट्या ताटातली चिठ्ठी हलवायची नाही. ते ताट भरायचं.

कशाने भरायचं? मोठ्या ताटातून कोणालाही उचलून नाही. तिथे पाचवा प्रश्न कामाला येतो. विषयाच्या नावावर बाई खूण करते ती साधारण अंदाजाने. तिचा खरा प्रश्न तिच्या एका वाक्यात असतो. शेळीच्या पंधरा चिठ्ठ्या आम्ही एकेक करून वाचल्या. तीनजणींनी शेळी निवडली होती, पण विचारायचं होतं ते वेगळंच. शेळ्या घ्यायला कर्ज कसं मिळतं, बँक कोणते कागद मागते, गटाच्या नावावर घ्यावं की स्वतःच्या. शेळीच्या खोलीतल्या पशुसखीकडे याचं उत्तर नव्हतं, बँक सखीकडे होतं.

तरीही आम्ही त्या चिठ्ठ्या परस्पर हलवल्या नाहीत. तिघींना फोन केले. असं विचारलं की, "तुमचा प्रश्न कर्जाचा आहे. बँक सखी हिशोबाच्या खोलीत आहेत. तिकडे बसाल का?" दोघी लगेच हो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, "नाही बाई, कर्जाचं मी नंतर बघीन. मला आधी शेळ्यांचं ऐकायचंय." मग ती शेळीतच राहिली. विचारायचं म्हणजे नाही ऐकायचीही तयारी हवी.

शेळीत उरल्या १३. हिशोबात झाल्या ४. पापड-मसाल्यात अजून ८ होत्या, म्हणजे एक जास्त. त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या. एकीने लिहिलं होतं, मसाल्याला भाव कसा लावायचा, खर्च वजा जाता हातात किती राहतं ते कळत नाही. हा तर सरळ हिशोबाचा प्रश्न. तिला फोन केला, ती हो म्हणाली. चिठ्ठी हिशोबाच्या ताटात टाकली. पाच झाल्या. आम्ही म्हटलं, बसलं एकदाचं.

तेवढ्यात सातव्या प्रश्नाचा कागद सांभाळणारी ताई पुढे वाकली. तिने ताट बघितलं आणि म्हणाली, "ही चिठ्ठी इथे नको." एवढंच. का ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण आता लपवायचं कारण नाही, कारण त्या दोघींनी सांगायला परवानगी दिलीय. थकलेल्या हप्त्याचा प्रश्न लिहिणारी मैत्रीण तीच होती, जी पहिल्या वेळी गप्प बसली होती. आणि भावाचा प्रश्न विचारणारी तिच्याच गटाची हिशोब बघणारी. चिठ्ठ्यांच्या हिशोबाने सगळं बरोबर होतं, आणि तरी आम्ही पुन्हा त्या दोघींना एकाच खोलीत बसवायला निघालो होतो.

ती चिठ्ठी पापडाच्या ताटात परत गेली. तिला आम्ही फोनवर सांगितलं की, "मांडणी बदलली, तुम्हाला तुमची पहिली पसंती मिळाली." हे खरंच होतं. खोटं कारण द्यायचं नाही आणि खरं कारण फोडायचं नाही, एवढं पाळलं. भावाच्या प्रश्नाचं उत्तर बँक सखीने तिला नंतर वेगळा फोन करून दिलं.

पण आता पापडातून दुसरी कोणीतरी हलवायला हवी होती. जिची दुसरी पसंती हिशोब आहे अशी एक होती. तिचा प्रश्न मात्र मसाल्याचाच होता, पावसाळ्यात मसाल्याला जाळं धरतं त्याचा. तिला फोन केला. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "चालेल, पण मला ऐकायचं होतं ते राहील." आम्ही तिचा प्रश्न लिहून पापडाच्या खोलीतल्या ताईला दिला. तो तिथे विचारला जाईल आणि उत्तर आवाजात रेकॉर्ड करून तिला व्हॉट्सॲपवर पाठवू, असं कबूल केलं, आणि पाठवलंही. तरी खोलीत बसून ऐकण्यात आणि नंतर निरोप मिळण्यात फरक आहेच. खोल्यांचा समतोल साधताना कोणाला तरी थोडं सोडावं लागतं. ते कोणाला सोडावं लागलं हे आपल्याला माहीत असावं, आणि पुढच्या वेळी तिला पहिली पसंती आधी द्यावी. आम्ही वहीत तिच्या नावापुढे तशी खूण करून ठेवलीय.

आता शेळीच्या १३ चिठ्ठ्या. दोन पशुसखी होत्या म्हणून दोन खोल्या करायच्या होत्या. कशा पाडायच्या? गावाप्रमाणे पाडलं तर ज्या रोज भेटतात त्याच पुन्हा भेटणार. आधीच्या वेळी जुन्या-नव्या एकत्र बसल्या होत्या. तेव्हा ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्या अर्धा तास नव्यांनाच शिकवत राहिल्या, त्यांचे स्वतःचे प्रश्न तसेच राहिले. म्हणून या वेळी सहाव्या प्रश्नावरून पाडलं. सातजणींच्या दारात शेळ्या होत्या. त्यांचे प्रश्न आजाराचे, लसीकरणाचे, करडं दगावण्याचे. सहाजणी आता सुरू करणार होत्या. त्यांना विचारायचं होतं उस्मानाबादी घ्यावी की संगमनेरी, गोठा केवढा करावा, सुरुवातीला किती घ्याव्यात. सात आणि सहा, अशा दोन खोल्या झाल्या. नव्यांच्या खोलीत जी पशुसखी दिली तिच्या स्वतःच्या दारातही शेळ्या होत्या, म्हणून त्यांना अनुभवाचं बोलणं ऐकायला मिळालं.

तर ताटं अशी झाली. शेळीवाल्या ७, शेळी घेणाऱ्या ६, पापड-मसाले ७, हिशोब ५, परसबाग ३. झाले २८. टिकल्या मोजल्या, एकाही ताटात दोनपेक्षा जास्त नव्हत्या. एका फोनवरच्या सासू-सुनेला मात्र वेगवेगळे विषय हवे होते. त्यांनाच विचारलं. सून शेजारणीच्या फोनवर बसायला तयार झाली, तिलाही परसबागच हवी होती. त्यामुळे टिकली या चिठ्ठीवरून निघून त्या चिठ्ठीवर गेली. फोनांची संख्या तीच राहिली.

उरल्या तीन "काहीही चालेल"वाल्या. तुम्ही म्हणाल, परसबागेत तीनच आहेत, तिथे टाका म्हणजे सहा होतील. आम्ही टाकल्या नाहीत. या तीन चिठ्ठ्या म्हणजे सुट्टे पैसे. बाजारात जाण्याआधीच सुट्टे संपवले तर ऐन वेळी अडतं. आधी पहिली पसंती असलेल्या बसवायच्या, मग दुसरीवाल्या, आणि सुट्टे शेवटपर्यंत हातात ठेवायचे. त्या तिघींना तसं सांगितलंही होतं की, "तुमची खोली त्याच दिवशी ठरेल." नाहीतर त्यांना वाटायचं आपल्याला विसरले.

आता त्या दिवशीची गोष्ट. झूममध्ये आधीच ईमेलवरून खोल्या लावून ठेवायची सोय आहे. पण आपल्या बाया ईमेल टाकून येत नाहीत, लिंक दाबून येतात. आणि फोनवर नाव भलतंच दिसतं. कोणाच्या मुलाचं, कोणाच्या नवऱ्याचं, कुठे नुसतं कंपनीचं मॉडेल. चिठ्ठीवरची बाई यातली कोणती हे कसं ओळखायचं?

म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकीला तिच्या खोलीचा नंबर कळवला. आत आल्यावर Participants मध्ये जाऊन, स्वतःच्या नावावर बोट ठेवून, Rename करायचं. आधी खोलीचा नंबर आणि मग नाव. तिसऱ्या खोलीची असेल तर ३ आणि पुढे नाव. जिला जमत नाही तिचं नाव आम्ही इकडून बदललं. त्यासाठी आमच्यातल्या दोघी सुरुवातीची वीस मिनिटं फक्त हेच करत होत्या. एक फोनवरून विचारत होती, "कोण बोलतंय, कोणत्या गावची?" दुसरी लॅपटॉपवर नाव बदलत होती. मोठ्या बैठकीत तोवर पहिलं भाषण चालू होतं, त्यामुळे कोणाचा खोळंबा झाला नाही.

खोल्या लावताना या वेळी Assign manually घेतलं. म्हणजे प्रत्येक फोन कोणत्या खोलीत हे आपण ठरवायचं. नावापुढे नंबर असल्यामुळे काम पाच-सात मिनिटांत झालं. आणखी एक बघून ठेवा. तिथल्या Options मध्ये खोलीत आपोआप पाठवण्याची खूण असते. ती केली नाही तर बाईच्या फोनवर Join असं येतं, आणि ते दाबेपर्यंत ती बाहेरच राहते. पहिल्या वेळी कितीतरी जणी अशाच मागे राहिल्या होत्या आणि आम्हाला वाटत होतं, खोलीत कोणी बोलत का नाही.

नोंदणी ३१ फोनांची होती, आले २६. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या गावात वीज नव्हती. शेळीवाल्या सातपैकी ६ आल्या. शेळी घेणाऱ्या सहापैकी ४. पापडातल्या सातपैकी ६. हिशोबातल्या पाचही आल्या, त्यांना यायचंच होतं. परसबागेत तीनपैकी २. आणि सुट्ट्या तिन्ही हजर.

आता ते सुट्टे कामाला आले. परसबागेत दोघी दिल्या, तिथे चार झाल्या. एक शेळी घेणाऱ्यांत दिली, तिथे पाच झाल्या. सहा, पाच, सहा, पाच, चार. पसंती सांगितलेल्या कोणालाही ऐन वेळी हलवावं लागलं नाही. ते सुट्टे आधीच वाटून टाकले असते तर परसबाग वाचली असती, पण शेळी घेणाऱ्यांची खोली चारवरच राहिली असती. आणि त्यांतली एखादी रेंज जाऊन बाहेर पडली असती तर खोली मोडलीच असती. आम्ही आधीच ठरवलं होतं की खोलीत चारपेक्षा कमी उरल्या आणि हातात सुट्टे नसले, तर जवळच्या विषयाच्या दोन खोल्या एक करायच्या. ती वेळ आली नाही.

रेंजवरून आठवलं. खोलीत असताना फोन तुटला आणि बाई परत आली, की ती बहुतेक वेळा मोठ्या बैठकीतच येऊन थांबते. तिथे कोणी नसेल तर तिला वाटतं कार्यशाळा संपली, आणि ती बंद करून निघून जाते. म्हणून आमच्यातली एक ताई पूर्ण वेळ मोठ्या बैठकीत बसून होती. चारजणी तुटून परत आल्या. तिने नंबर बघून चौघींना आपापल्या खोलीत पाठवलं.

वाटणी जमली की नाही हे कसं ओळखायचं? सगळ्या "छान झालं" म्हणतात, त्यावरून काही कळत नाही. खोलीतल्या ताईने वहीत सगळ्यांची नावं लिहून ठेवायची आणि जी बोलली तिच्यापुढे एक रेघ मारायची. पंधरा मिनिटांनी वही बघायची. एकीपुढेच पाच रेघा आणि दोघींपुढे एकही नसेल, तर त्या दोघींना नाव घेऊन विचारायचं. आणि शेवटी पाचवा प्रश्न पुन्हा काढायचा. नोंदणीच्या वेळी तुम्ही हे विचारलं होतं, त्याचं उत्तर मिळालं का? हो किंवा नाही, एवढंच. एका खोलीत खूप नाही आले तर त्या खोलीत चुकीच्या बाया बसल्या होत्या, किंवा उत्तर देणारी माणूस तिथे नव्हती. आमच्या परसबागेत असं झालं. सुट्ट्यांपैकी दोघींना त्या विषयात रस नव्हता, त्या मान डोलवत बसल्या. "काहीही चालेल" हे काही वेळा नुसतं संकोचाने म्हटलेलं असतं. आता आम्ही त्यांना आणखी एकदा विचारतो की, "काहीही चालेल, पण नको असं काय आहे?" मग उत्तर येतं.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. दहा-बारा फोनच असतील तर खोल्या करू नका, सगळ्या एकत्रच बोला. आणि तीसपैकी वीसजणींनी एकच विषय मागितला तर चिठ्ठ्या ओढाताण करून वाटू नका. तो विषय मोठ्या बैठकीतच घ्या आणि बाकीचे विषय दुसऱ्या दिवशी ठेवा. शंभर-दीडशे बाया असतील तर सतरंजीवर चिठ्ठ्या पुरणार नाहीत, तिथे संगणकाची मदत लागेल. पण तेव्हाही क्रम हाच. आधी छोटं ताट सांभाळायचं, मग मोठ्या ताटातले प्रश्न वाचायचे, सुट्टे शेवटी.

त्या हप्त्याच्या प्रश्नाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. हिशोबाच्या खोलीत पाचजणी होत्या आणि त्यांच्यात तिच्या गावचं कोणी नव्हतं. तिने तिसऱ्या मिनिटाला माइक सुरू केला. बँक सखीने तिला सांगितलं की बँकेची नोटीस यायची वाट बघू नका. गटाची वही आणि पासबुक घेऊन आधीच शाखेत जा, किती हप्ते थकले आणि महिन्याला किती भरता येईल ते लिहून द्या, आणि गटातल्या आणखी दोघींना सोबत न्या. पुढच्या आठवड्यात ती गेली. सोबत कोणाला नेलं माहीत आहे? तिच्याच गटाच्या त्या हिशोब बघणाऱ्या बाईला. खोलीत जिच्यासमोर बोलता आलं नव्हतं, तिला तिने घरी जाऊन स्वतःहून सगळं सांगितलं. आज हे रेडिओवर सांगा असं त्या दोघीच म्हणाल्या.

तुमच्या गावात कार्यशाळा ठरत असेल तर नोंदणीच्या वहीत ते सात प्रश्न आजच लिहून ठेवा. आणि नोंदणीसाठी तुम्हालाच फोन आला तर नुसतं नाव सांगून ठेवू नका. आपला प्रश्नही सांगा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.